उणे छप्पन्न असूनही अडकणारा टीव्ही: एका घरातल्या सिग्नलची आणि गोंगाटाची मोजणी

ताईच्या घरी टीव्ही होता बैठकीलगतच्या खोलीत, आणि राउटर बैठकीत. मध्ये एकच भिंत. टीव्हीच्या मागे तिच्या मुलाने एक छोटा संगणक चिकटवून ठेवला होता. त्यावर लिनक्स होतं आणि ऑनलाइन सिनेमे त्यातूनच लागायचे. तक्रार अशी, की सिनेमा सुरू झाला की पाच-दहा मिनिटांत चित्र धूसर व्हायचं, मग पडद्याच्या मधोमध गोल चाक फिरत राहायचं. "दांड्या बघ, सगळ्याच्या सगळ्या भरलेल्या आहेत. आणि तरी हे असं. राउटर बदलू का?" ताईने विचारलं.

दांड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उपकरण बनवणारा आपापल्या मनाने ठरवतो, शिवाय तीन दांड्या आणि चार दांड्या यांत दहापट फरक असू शकतो. म्हणून कीबोर्ड मागितला आणि त्या छोट्या संगणकालाच विचारलं:

```
iw dev wlan0 link
```

सिनेमा चालू असतानाच विचारलं, त्याचं कारण पुढे येईल. उत्तरातल्या कामाच्या ओळी एवढ्याच होत्या:

```
freq: 2437
signal: -56 dBm
rx bitrate: 26.0 MBit/s MCS 3
tx bitrate: 65.0 MBit/s MCS 7
```

भाचा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मामा, उणे छप्पन्न म्हणजे वाईटच ना? शून्याच्या खाली आहे." हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की आधी त्याचाच निकाल लावायला हवा.

डीबीएम हे मोजमाप एका मिलीवॉटशी केलेली तुलना आहे. अँटेनाला मिळणारी शक्ती बरोबर एक मिलीवॉट असेल तर आकडा शून्य. त्याच्या दहापट असेल तर १०, शंभरपट असेल तर २०. एक दशांश असेल तर उणे १०, एक शतांश असेल तर उणे २०. दर दहाच्या पायरीला शक्ती दहापट वाढते किंवा दहापट घटते, आणि दर तीनच्या पायरीला साधारण दुप्पट किंवा निम्मी होते. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की मिळालेली शक्ती एका मिलीवॉटपेक्षा कमी आहे. वायफायमध्ये ती नेहमीच फार कमी असते. घरगुती राउटर साधारण शंभर मिलीवॉट, म्हणजे २० डीबीएम, सोडतो असं धरू. ताईच्या टीव्हीमागे उणे ५६ पोहोचत होते. अशा दोन आकड्यांतला फरक डेसिबलमध्ये सांगतात. म्हणजे वाटेत ७६ डेसिबल गळाले आणि निघालेल्या शक्तीचा सुमारे चार कोटींपैकी एक भाग पोहोचला. ऐकायला भयंकर वाटतं, पण वायफायच्या दृष्टीने ही श्रीमंती आहे. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. उणे ५६ हा उणे ६६ पेक्षा दहापट बलवान. वायफायची आखणी करणारी मंडळी आवाज आणि व्हिडिओसाठी उणे ६७ ही खालची मर्यादा धरतात. आम्ही तिच्या कितीतरी वर होतो.

मग चाक का फिरत होतं?

वरच्या चार ओळींतच याचा धागा होता, पण तो मला तेव्हा नीट दिसला नाही हे कबूल करतो. `tx bitrate` म्हणजे हा संगणक राउटरशी ज्या वेगाने बोलतो तो, आणि `rx bitrate` म्हणजे राउटर याच्याशी ज्या वेगाने बोलतो तो. सिनेमा राउटरकडून येतो, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा `rx`. एकच अँटेना असलेल्या या जुन्या पद्धतीच्या जोडणीत सर्वांत वरचा वेग ६५ मेगाबिट असतो. जाताना तो पूर्ण ६५ मिळत होता, येताना मात्र २६ वर अडकला होता. भिंत तीच, अंतर तेच, आणि भिंती दोन्ही दिशांना सारखंच गिळतात. उलट राउटरचा आवाज बहुतेक वेळा अशा छोट्या यंत्रापेक्षा मोठाच असतो, म्हणजे येतानाचा वेग जास्त असायला हवा होता. इथे नेमकं उलटं झालं होतं. राउटरला याचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, यालाच राउटरचं ऐकू येत नव्हतं.

सिनेमा चालू ठेवून का मोजायचं तेही याच ओळीशी निगडित आहे. `rx bitrate` हा शेवटच्या पोहोचलेल्या तुकड्याचा वेग असतो. काहीच चालू नसेल तर राउटरच्या अधूनमधून येणाऱ्या, मुद्दाम सावकाश पाठवलेल्या हाळ्याच तिथे मोजल्या जातात आणि आकडा फसवा छोटा दिसतो.

मी केलं ते असं, की जागेलाच दोष दिला. भिंतीवर परावर्तन होत असेल, टीव्हीच्या धातूच्या पाठीचा अडसर असेल, असं काहीतरी मनात धरलं आणि संगणक सोडवून आतल्या खोलीत नेला. तिथे राउटरपासून दोन भिंती. जुना मॉनिटर जोडला आणि तोच सिनेमा लावला. अर्धा तास चाललं, एकदाही अडकलं नाही. सिग्नल पाहिला तर उणे ६६.

ताईचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर त्याच टेबलावर वायफायची ताकद ६८ टक्के दिसत होती, आणि टीव्हीच्या जागी तोच लॅपटॉप ८८ दाखवत होता. विंडोजची टक्केवारी सरळ उलगडता येते: उणे १०० डीबीएम म्हणजे शून्य टक्के, उणे ५० म्हणजे शंभर टक्के, आणि मधलं सगळं सरळ रेषेत. टक्क्यांचे निम्मे करा आणि त्यातून शंभर वजा करा. ६८ चे निम्मे ३४, वजा शंभर, म्हणजे उणे ६६. ८८ चे उणे ५६. लॅपटॉप आणि छोटा संगणक इतके तंतोतंत जुळले हा योगायोग. एकाच जागी दोन उपकरणांत चार-सहा डेसिबलचा फरक येणं नित्याचं आहे, म्हणून दोन जागांची तुलना करायची तर उपकरण एकच ठेवावं. पण मुद्दा पक्का झाला: जिथे दहापट कमी शक्ती पोहोचत होती तिथे सिनेमा सुरळीत, आणि जिथे दहापट जास्त तिथे चाक.

सिग्नलचा आकडा एकट्याने काहीच ठरवत नाही, हे अशा वेळी समोर येतं. आपण शांत खोलीत कुजबुज ऐकू शकतो आणि वरातीत शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. बोलणाऱ्याचा आवाज किती हा अर्धा प्रश्न, आजूबाजूचा गोंगाट किती हा दुसरा अर्धा. गोंगाटही डीबीएममध्येच मोजतात आणि तोही उणेच असतो, फक्त तिथे वाचन उलटं. गोंगाट उणे ९५ असणं चांगलं, उणे ७० असणं वाईट. सिग्नल शून्याच्या जवळ हवा, गोंगाट शून्यापासून लांब हवा.

अगदी निर्मनुष्य माळावरही गोंगाट पूर्ण नाहीसा होत नाही. कोणत्याही पदार्थातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे हलत राहतात आणि तेवढ्याने थोडी खरखर निर्माण होते. नेहमीच्या तापमानाला ती दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम असते. वायफायचा साधा चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे दोन कोटी हर्ट्झ. तेवढ्या रुंदीची खरखर गोळा केली की ७३ डेसिबल वाढतात आणि आपण उणे १०१ वर येतो. उपकरणाचा स्वतःचा रिसीव्हर त्यात आणखी पाच-सहाची भर घालतो. म्हणून २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर शांत घरात गोंगाट उणे ९५ च्या आसपास दिसतो. याहून फार खाली तो जाऊच शकत नाही. चॅनेलची रुंदी दुप्पट केली की तीन डेसिबलने वर येतो, कारण खिडकी मोठी केली की आवाजही जास्त आत येतो.

छोट्या संगणकाला गोंगाट विचारायची आज्ञा वेगळी:

```
iw dev wlan0 survey dump
```

त्यात `[in use]` असं लिहिलेल्या चॅनेलखाली `noise` ही ओळ असते. आतल्या खोलीत तिथे उणे ९४ होतं. सिग्नल उणे ६६, गोंगाट उणे ९४, म्हणजे दोन्हींतलं अंतर २८ डेसिबल. सिग्नल गोंगाटाच्या सहाशेपटीहून थोडा अधिक. या अंतरालाच एसएनआर म्हणतात. स्ट्रीमिंगसाठी जागा तपासताना मी २५ च्या वर निश्चिंत असतो, २० ते २५ मध्ये सावध, आणि २० च्या खाली साशंक. उणे ६७ ची ती प्रसिद्ध मर्यादाही गोंगाट उणे ९२ च्या आसपास आहे असं धरलं तरच २५ चं अंतर देते. गोंगाट वर आला की तीच मर्यादा कुचकामी होते.

संगणक परत टीव्हीमागे नेला, जोडला, सिनेमा लावला. आता मी गोंगाटाचा वाईट आकडा दिसायची वाट पाहत होतो. आला उणे ९४. सिग्नल उणे ५७, अंतर ३७, `rx bitrate` पूर्ण ६५. चाकाचा पत्ता नाही. अर्धा तास थांबलो तरी काही नाही. जागा निर्दोष होती आणि माझा तर्क चुकला होता.

दोष काय तो भाच्याच्या हातात होता. म्हणाला, "मामा, हार्डडिस्क राहिली." संगणक आतल्या खोलीत नेताना त्याने मागची बाहेरची हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली होती. त्यात घरातले जुने व्हिडिओ होते, आणि ती कायम मागच्या निळ्या खाचेत, म्हणजे यूएसबी ३ मध्ये, खोचलेली असायची. डिस्क खोचली आणि तीच आज्ञा पुन्हा दिली:

```
noise: -72 dBm
```

बावीस डेसिबलने वर. शक्तीत पाहिलं तर दीडशेपट गोंगाट, आणि तोही अँटेनापासून चार बोटांवर. सिग्नल होता तिथेच होता, उणे ५६. अंतर मात्र ३७ वरून १६ वर आलं होतं. डिस्क काढली, उणे ९४. खोचली, उणे ७२. भाच्याने हे चार वेळा केलं, त्याला मजा वाटत होती, आणि मलाही पुरावा चार वेळा पाहिलेला बरा वाटला.

यूएसबी ३ च्या तारेतून माहिती सेकंदाला पाच अब्ज बिट वेगाने जाते. इतक्या वेगाच्या चढउतारांतून निघणारी खरखर एका ठरावीक जागी राहत नाही, ती शून्यापासून पाच गिगाहर्ट्झपर्यंत पसरते आणि २.४ गिगाहर्ट्झचा वायफायचा पट्टा बरोबर तिच्या पोटात येतो. एवढी पसरलेली खरखर गाळून काढता येत नाही, ती सिग्नलच्याच पट्ट्यात मिसळलेली असते. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर एक टिपण काढलं होतं आणि यूएसबी ३ ची डिस्क जोडल्यावर जवळचा गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढतो असं त्यात मोजून दाखवलं होतं. आमचे बावीस त्याच्या शेजारचेच. खरखर बाहेर पडते ती डिस्कच्या डब्यातून, तारेच्या टोकांतून आणि खाचेतून, आणि थोड्याच अंतरात विरते. त्यामुळेच बैठकीतल्या राउटरला तिचा पत्ता नव्हता. म्हणून जाणारा वेग ६५ आणि येणारा २६. पहिल्या मिनिटाला दिसलेला तो उलटा आकडा हेच सांगत होता: गोंगाट हा ऐकणाऱ्याच्या कानाशी असतो. बोलणाऱ्याकडची मोजणी ऐकणाऱ्याबद्दल काही सांगत नाही.

घरच्यांची दिशाभूल का झाली तेही आता कळलं. डिस्कवरचे जुने व्हिडिओ कधीच अडकत नसत, कारण त्यांना वायफाय लागतच नव्हतं. त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं की यंत्र ठणठणीत आहे आणि दोष इंटरनेटचा आहे.

आता १६ डेसिबलचं सिनेमात रूपांतर करून पाहू. वायफाय दर क्षणी अंतर पाहून बोलण्याची पद्धत बदलतं. अंतर भरपूर असेल तर एका खुणेत जास्त बिट कोंबतं, कमी असेल तर थोडे बिट सावकाश आणि ठसठशीत पाठवतं. २.४ च्या या जुन्या पद्धतीत सर्वांत वरच्या, ६५ च्या पायरीला साधारण वीस-बावीस डेसिबल तरी लागतात. १६ वर गाडी मधल्या पायऱ्यांवर राहते आणि थोडी राखीव धरून आमचा राउटर २६ वर थांबला होता. पण २६ हा प्रत्यक्ष हातात पडणारा वेग नव्हे. वायफायमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर पोच येते, दोन तुकड्यांमध्ये थांबावं लागतं, न पोहोचलेलं पुन्हा पाठवावं लागतं. प्रत्यक्ष हातात निम्मं पडलं तरी समाधान मानावं. म्हणजे १३ मेगाबिट. फुल एचडी चित्राला पाच-सात मेगाबिट पुरतात. फोर-केला पंधरा ते पंचवीस लागतात. ताईचा टीव्ही फोर-के, आणि सेवा आधी फोर-केच द्यायचा प्रयत्न करणार. साठवलेला भाग संपत आला की ती चित्राचा दर्जा उतरवते, म्हणून आधी धूसर. मग एखादा वाईट क्षण आला की चाक. गणित आणि लक्षण जुळलं.

उपाय अगदी साधा निघाला. त्याच संगणकाला यूएसबी २ ची एक खाच होती. डिस्क तिथे खोचली. वेग सेकंदाला ४८० मेगाबिटवर उतरला, पण साठवलेला व्हिडिओ दाखवायला त्याचा थोडासा भागही पुरतो, आणि पाच अब्जांची ती खरखर निघायचंच बंद झालं. गोंगाट उणे ९३. मोठ्या फाइली सारख्या भराव्या लागत असत्या तर चांगलं कवच असलेली हातभर लांब तार घेऊन डिस्क अँटेनापासून दूर ठेवली असती. तेवढ्याने उतार पडतो, पण पूर्ण नाही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. चार दिवसांनी ताईचा फोन आला. "दिवसा मस्त चालतं रे. रात्री नऊनंतर परत तेच."

भाच्याला आकडे विचारले. सिग्नल उणे ५७, गोंगाट उणे ९३. अंतर ३६. `rx bitrate` ५८ आणि ६५ च्या मध्ये. सगळं उत्तम, आणि तरीही चाक. या आकड्यांच्या बाहेर काय राहतं ते इथे उघड होतं. उपकरण ज्याला `noise` म्हणतं ती फक्त न कळणारी खरखर. शेजाऱ्यांचे राउटर त्यात मोजले जात नाहीत, कारण त्यांची भाषा आपल्या उपकरणाला कळते. ती कळली की सभ्यपणे आपलं यंत्र गप्प बसतं आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहतं. ही सभ्यता फार लांबवर पोहोचते. उणे ८० च्या आसपास, म्हणजे स्वतः वापरायला निरुपयोगी इतक्या दुबळ्या शेजाऱ्यासाठीसुद्धा ते थांबतं. त्यामुळे गोंगाट कमी दाखवला जातो आणि पाळी मात्र येत नाही.

याचा आकडा त्याच `survey dump` मध्ये `channel active time` आणि `channel busy time` अशा दोन ओळींत असतो. ड्रायव्हर बहुधा हे आकडे साठवत जातो, म्हणून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करायची. आणि आपला सिनेमा त्या वेळी थांबवून ठेवायचा, नाहीतर आपलीच वाहतूक शेजाऱ्यांच्या नावावर पडते. भाच्याने रात्री साडेनऊला मोजलं: साठ हजार मिलिसेकंदांपैकी शेहेचाळीस हजार दोनशे व्यापलेले. म्हणजे ७७ टक्के. आपल्या वाट्याला २३. पूर्ण मोकळ्या चॅनेलवर या जोडणीतून पस्तीसेक मेगाबिट मिळत होते असं धरलं, तर आता आठ. फोर-के नाही, फुल एचडी कसंबसं.

२.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिन्ही तेवढेच गजबजलेले होते. ५ गिगाहर्ट्झला जाणं हाच मार्ग होता. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत होता आणि संगणक जास्त जोरदार दिसतो म्हणून २.४ धरून बसायचा, जे या सगळ्या गोष्टीतलं एक वेगळंच औपरोधिक प्रकरण. ५ ला वेगळं नाव दिलं, संगणक त्याला जोडला, पुन्हा मोजलं.

सिग्नल उणे ६३. सहा डेसिबल गेले, आणि ते जाणारच. वरच्या पट्ट्यात तेवढ्याच अंतरावर सहा-सात डेसिबल जास्त गळतात, आणि भिंतही थोडं जास्तच गिळते. इथे राउटर वरच्या पट्ट्यात थोडा अधिक जोर लावत असणार. चॅनेल आता ८० मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे आधीच्या चौपट, त्यामुळे गोंगाटही पाच-सहाने वर, उणे ८८. अंतर २५. आधीच्या ३६ पेक्षा बरंच कमी. भाचा थबकला. "हे वाईट नाही का?" मग त्याने खालची ओळ वाचली: `rx bitrate: 263.3`. रस्ता चौपट रुंद झाला होता आणि अंतर अजून वरच्या पायऱ्यांना पुरेसं होतं. व्यापलेला वेळ रात्री दहाला नऊ टक्के. फोर-के त्या रात्रीपासून अडकलेलं नाही.

मोजताना दोन गोष्टी मी भाच्याला लिहून दिल्या आहेत, कारण त्याने पुढच्याच आठवड्यात घरभर फिरून आकडे गोळा केले आणि ते एकमेकांशी जुळेनात. पहिली गोष्ट, चालत मोजू नये. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे पोसतात आणि कुठे खातात. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ ची सहाच्या आत. उपकरण वीतभर सरकवलं तरी दहा डेसिबलचा फरक पडू शकतो, आणि हातात धरलं की हात आणि शरीर आणखी काही गिळतं. उपकरण जिथे कायम राहणार तिथेच, त्याच उंचीला ठेवून, हात काढून, अर्धा मिनिट आकडे पाहावेत आणि सरासरीपेक्षा वारंवार दिसणाऱ्या खालच्या आकड्यावर निर्णय घ्यावा. दुसरी गोष्ट, गोंगाटाचा आकडा खरा आहे का ते पाहावं. काही ड्रायव्हर तो मोजतच नाहीत आणि कायम उणे ९५ छापतात. मायक्रोवेव्ह २.४ च्या पट्ट्यातच खरखर सोडतो. त्याच्याजवळ उपकरण ठेवून त्यात पाणी तापवताना आकडा हलला नाही, तर तो आकडा शोभेचा आहे असं समजावं.

फोनवर तर तो शोभेलाही नसतो. अँड्रॉइडची अॅप सिग्नल आणि जोडणीचा वेग दाखवतात, गोंगाट नाही. तिथे अंदाज उलट्या बाजूने बांधायचा: सिग्नल उणे ६० च्या आत आहे आणि व्हिडिओ चालू असतानाही जोडणीचा वेग तळाला आहे, तर कानाशी काहीतरी कुरकुरतंय.

ताईचा शेवटचा प्रश्न स्वयंपाकघराचा होता. तिला कोपऱ्यात टॅबलेट ठेवून काम करता करता कार्यक्रम बघायचे होते आणि अधूनमधून आईशी व्हिडिओ कॉल करायचा होता. कोपऱ्यात ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७६. रुंद चॅनेलचा गोंगाट उणे ८८ धरला तर अंतर जेमतेम बारा. टॅबलेटच्या लहान पडद्याला पाच मेगाबिट पुरतात, आणि ८० मेगाहर्ट्झवर बारा डेसिबलमध्येही तेवढे मिळतात, शिवाय कार्यक्रम मिनिटभराचा साठा करून ठेवतो. पण दारात कुणी उभं राहिलं की पाचेक डेसिबल जातील, आणि कॉलला साठा नसतो. तिथे लगेच आवाज तुटणार. २.४ वर त्याच कोपऱ्यात उणे ६७ होते, पण शेजारीच मायक्रोवेव्ह, म्हणजे तो चालू असेपर्यंत गोंगाट किती चढेल याचा भरवसा नाही.

"म्हणजे कार्यक्रम बघू, आईशी बोलू नको, असं म्हणतोयस तू," ताई म्हणाली.

मी म्हटलं, दोन पावलं दाराकडे सरक. दाराशेजारच्या फळीवर ५ चा आकडा उणे ६८ होता. टॅबलेट आता तिथे असतो.